ॲपमध्ये चार्जर हिरवा, प्रत्यक्षात बंद: पुणे–सावंतवाडी प्रवासातली नेहमीची अडचण आणि तिच्यावरचा उपाय

माझं माहेर सावंतवाडीला आणि घर पुण्यात. गणपती, मे महिना, घरातली लग्नं-मुंजी धरून वर्षाला पाच-सहा वेळा हा रस्ता होतोच. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून दर फेरीला एकच अडचण वेगवेगळ्या रूपात समोर यायची. ठरवलेल्या चार्जरपाशी पोचावं, तर कधी तिथे लाइट नसे, कधी चार्जरची गन गाडीला लागे पण चार्जिंग सुरू होत नसे, कधी आधीच दोन गाड्या रांगेत असत. निघताना मात्र ॲपमध्ये तो चार्जर हिरवा दिसलेला असायचा.

सुरुवातीला मी हे नशिबावर ढकलत होते. चार-पाच फेऱ्यांनंतर लक्षात आलं की चार्जर बंद पडणं माझ्या हातात नाही, पण तो बंद पडला की माझा प्रवासही अडकणं, ही चूक माझ्या रस्ता निवडण्यात आहे. ती चूक कुठे होती आणि आता काय करते, ते लिहिते. आमच्या गाडीची बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची आहे. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे बदला, हिशेब तोच राहील.

आधी अडकले कशी, ते

मागच्या पावसाळ्यात सावंतवाडीहून परत निघालो होतो. मी, नवरा, सासूबाई, मुलगी आणि डिकीत फणस, तांदूळ, कोकम असा सगळा ऐवज. रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली होती. हिशेब साधा होता: या प्लगमधून ताशी जेमतेम तीन युनिट मिळतात, म्हणजे रात्रभरात तीस युनिट आणि सकाळी बॅटरी पूर्ण. पण रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली ती सकाळी आली. उठून बघते तर ६४ टक्के.

मी म्हटलं, हरकत नाही, गडहिंग्लजजवळच्या एका हॉटेलात चार्जर आहे, तिथे जेवताना भरून घेऊ. सावंतवाडी ते गडहिंग्लज सुमारे ८३ किलोमीटर. सपाट रस्त्यावर याला ३३ टक्के लागले असते, म्हणजे ३१ टक्के शिल्लक घेऊन पोचायला हवं होतं. पोचलो तेव्हा २३ होते. मधले आठ टक्के आंबोलीच्या घाटाने खाल्ले होते. आणि हॉटेलात चार्जरची स्क्रीन काळी.

"ताई, आज दुरुस्तीचा वार आहे, लाइट चारनंतर येईल," काउंटरवरच्या दादांनी सांगितलं. हॉटेलातले पंखे चालू होते, कारण हॉटेल जनरेटरवर होतं. चार्जर मात्र जनरेटरला जोडलेलाच नव्हता.

पुढचा चार्जर निपाणीला, ३२ किलोमीटरवर. नेहमीच्या वेगाने १० टक्क्यांवर पोचलो असतो. एसी बंद करून पन्नास-साठच्या वेगाने गेलो आणि १४ टक्क्यांवर पोचलो. गाडी काही रस्त्यात उभी राहिली नाही, पण सासूबाई अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला ते बंद गाडीपेक्षा जड गेलं.

ॲपमधला हिरवा रंग काय सांगतो

इथूनच सगळा गैरसमज सुरू होतो. चार्जर इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असतो आणि आपली स्थिती कळवत असतो. ॲपमध्ये `Available` दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की त्या गनला आत्ता गाडी लागलेली नाही आणि चार्जरने शेवटचा निरोप पाठवला तेव्हा स्वतःत बिघाड असल्याचं सांगितलेलं नाही. गाडी लावल्यावर वीज खरंच वाहील, याची त्यात काही हमी नसते. ती तपासणी गन गाडीत गेल्यावरच होते.

लाइट गेली की चार्जर गप्प होतो. तो गप्प झालाय हे सर्व्हरला कळून ॲपमध्ये बदल दिसेपर्यंत वेळ जातो, आणि काही ॲप तर जुनी स्थितीच दाखवत राहतात. उलटही होतं. चार्जर धडधाकट असतो, पण तिथलं मोबाइल नेटवर्क गेलेलं असतं आणि ॲपमध्ये तो बंद दिसतो. अशा वेळी त्या कंपनीचं कार्ड असेल तर काही चार्जर कार्ड टेकवून सुरू होतात. म्हणून या रस्त्यावर नेहमी लागणाऱ्या दोन कंपन्यांची कार्डं मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते.

म्हणून आता मी हिरवा रंग बघते, पण त्यावर ठरवत नाही. दोन गोष्टींवर ठरवते.

पहिली, लोकांनी लिहिलेल्या नोंदी. प्लगशेअरसारख्या ॲपवर लोक चार्जिंग झाल्यावर चार ओळी लिहितात. त्यात मी तारीख बघते, गाडी कोणती होती ते बघते आणि किती किलोवॅट मिळाले ते बघते. गेल्या आठ-दहा दिवसांत माझ्याच प्रकारच्या गनवर दोघा-तिघांचं चार्जिंग नीट झालेलं असेल तर ते ठिकाण माझ्या यादीत येतं. तीन महिन्यांपूर्वीच्या पाच चांगल्या नोंदींचा मला उपयोग नाही.

दुसरी, फोन. इथे प्रश्न कसा विचारतो यावर सगळं आहे. "चार्जर चालू आहे का?" असं विचारलं की हॉटेलवाले बाहेर न बघता "हो, चालू आहे" म्हणतात. त्यांचा त्यात वाईट हेतू नसतो, चार्जरचा कारभार त्यांच्याकडे नसतोच. मी आता असं विचारते:

"दादा, आज सकाळपासून कुठली गाडी चार्जिंगला लागली होती का? साधारण किती वाजता?"

आणि मग, "आत्ता लाइट आहे, की जनरेटरवर आहात?"

या दोन प्रश्नांना खरं उत्तर मिळतं, कारण दोन्ही गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोरच्या असतात. पुण्याकडे गुरुवार हा जसा महावितरणचा दुरुस्तीचा वार, तसा प्रत्येक भागाचा आपला वार असतो. तोही याच फोनवर विचारून घेते आणि त्या वारी त्या टप्प्यावर विसंबत नाही.

जवळचा रस्ता नव्हे, सुटकेचा रस्ता

पेट्रोलच्या गाडीचा रस्ता आपण अंतर आणि खड्डे बघून निवडतो. माझी चूक अशी की इलेक्ट्रिक गाडीलाही तोच नियम लावून मग त्या रस्त्यावर चार्जर शोधत बसत होते. आता उलट करते. आधी बघते की या रस्त्यावर कोणता पट्टा असा आहे, जिथे एक चार्जर बंद निघाला तर दुसरा हाताशी नाही. तो पट्टा सापडला की प्रवासाची सगळी आखणी त्याच्याभोवती करायची.

पुणे–सातारा–कराड–कोल्हापूर–निपाणी हा राष्ट्रीय महामार्ग ४८. इथे चार्जर पुष्कळ आहेत आणि एक बंद निघाला तर वीस-तीस किलोमीटरवर दुसरा मिळतो. निपाणी सोडून गडहिंग्लज–आजरा–आंबोलीकडे वळलं की चित्र बदलतं. निपाणी ते सावंतवाडी सुमारे ११५ किलोमीटर, आणि या पट्ट्यात मी एकाही चार्जरला मुख्य थांबा म्हणून धरत नाही. मिळाला तर बोनस.

कोणी म्हणेल, मग कणकवलीवरून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूरला जा. तो रस्ता सुंदर आहे, अंतरातही फार फरक नाही. पण तिथेही घाट चढून वर आल्यावर कोल्हापूरपर्यंत मला भरवशाचं काही मिळालं नाही, म्हणजे विरळ पट्टा तेवढाच. त्याचा एक फायदा असा की घाटाच्या आधी कुडाळ–कणकवली हा मुंबई–गोवा महामार्गाचा तुकडा लागतो आणि तिथे भरून घेता येतं. त्यामुळे माहेरी रात्री लाइट गेली असेल तर मी आंबोलीचा हट्ट धरत नाही, कुडाळच्या बाजूला निघते, महामार्गावर भरते आणि तिकडूनच घाट चढते.

टक्क्यांचा हिशेब

गाडी स्क्रीनवर जी रेंज दाखवते, ती आधीच्या चालवण्यावरून काढलेली असते. पुण्यात गर्दीत चालवून आलेली गाडी हायवेला लागताना भारी आकडा दाखवते आणि सातारा येईपर्यंत तो झरझर उतरतो. मी तो आकडा झाकल्यासारखाच धरते आणि टक्क्यांवर चालते.

आमची गाडी चार माणसं, सामान आणि एसी धरून ८०-८५ च्या वेगाने एक टक्क्यात अडीच किलोमीटर जाते. १०० च्या वेगाने तोच एक टक्का दोन किलोमीटरच पुरतो, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. ६० च्या आसपास मात्र एका टक्क्यात तीन-साडेतीन किलोमीटर निघतात. त्यामुळे चार्जर बंद निघाला तर तुमच्या हातातला सर्वांत मोठा उपाय म्हणजे वेग कमी करणं. एसी बंद केल्याने त्या मानाने थोडंच वाचतं. तुमच्या गाडीचा आकडा काढायचा असेल तर हायवेवर पन्नास किलोमीटर एका वेगाने जा आणि किती टक्के गेले ते लिहून ठेवा. कंपनीच्या जाहिरातीतली रेंज यासाठी कामाची नाही.

घाटाचा हिशेब वेगळा. सावंतवाडी समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, आंबोली ६९० मीटरच्या आसपास. म्हणजे सगळा मिळून जवळजवळ ६०० मीटरचा चढ. माणसं-सामानासह सतराशे किलोची गाडी तेवढी उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटर आणि इतर नुकसान धरून सव्वातीन. आमच्या बॅटरीचे हे आठ टक्के. हे अंतराच्या खर्चाच्या *वर* धरायचे. उतरताना गाडी ब्रेकमधून वीज परत मिळवते, पण चढताना घातलेल्यातली साधारण निम्मीच पदरात पडते. त्यामुळे एकच रस्ता जाताना आणि येताना वेगळा वागतो. कोकणात उतरताना आंबोली आपल्याला चार टक्के देते, घाटावर येताना आठ मागते. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर त्या दिवशी २३ टक्के बघून पोटात गोळा आला नसता.

आता नियम असा. *ठरवलेल्या थांब्यावर पोचताना बॅटरीत एवढं हवं की तो बंद निघाला तरी पुढच्या चार्जरपर्यंत जाऊन वीस टक्के उरतील.* वीसच का? कारण तो पुढचाही बंद निघू शकतो, आणि मग त्या वीसात साठच्या वेगाने आणखी पन्नास-साठ किलोमीटरचा घेर हाताशी राहतो.

हाच नियम लावून जातानाचा प्रवास

पुण्याहून १०० टक्क्यांवर निघाले. कोल्हापूर २३० किलोमीटर. बरेच जण "कोल्हापूरला जेवू आणि भरू" असं ठरवतात, कारण शहर मोठं, चार्जर भरपूर. पण २३० ला ९२ टक्के लागतात आणि पोचताना आठ उरतात. तिथला पहिला चार्जर बंद निघाला तर शहरातल्या गर्दीत दुसरा शोधायचा, तोही आठ टक्क्यांवर. हे नको.

कराडच्या आसपास, सुमारे १६५ किलोमीटरवर थांबलं तर ३४ टक्के उरलेले असतात. कराडचा बंद निघाला तर पेठ नाका–इस्लामपूरकडचा भाग तीस किलोमीटर पुढे, म्हणजे २२ टक्क्यांवर पोचते. नियमात बसलं. कराडच्या नोंदी अलीकडे बऱ्या दिसत नसतील तर साताऱ्यालाच थांबते. तिथे ५४ टक्के असतात, त्यामुळे भरायला फार जागा नसते, पण ८० करून निघालं की कोल्हापूर ३४ टक्क्यांवर येतं आणि जीव घाबरत नाही.

कराडला ८० पर्यंत भरते, त्याच्या पुढे नाही. ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या चाळीसइतका वेळ लागू शकतो. तिथून निपाणी ११० किलोमीटर, ४४ टक्के, म्हणजे ३६ वर पोचते. निपाणीला परत ८०. तिथून सावंतवाडीला ४६ टक्के जातात, त्यातले चारेक घाट उतरताना परत येतात. आईच्या दारात गाडी ३८ च्या आसपास उभी राहते. या बाजूने अडचण क्वचितच येते.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. चार्जर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी बघा. सातारा–कोल्हापूर पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेले रस्ते असतात आणि मधला दुभाजक सलग असतो. चार्जर डोळ्यांसमोर पलीकडे दिसतो आणि तिथे पोचायला पुढच्या भुयारी रस्त्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. मी एकदा चार किलोमीटर पुढे आणि चार मागे अशी आठ किलोमीटरची प्रदक्षिणा घातली आहे. आता यादीत प्रत्येक नावापुढे "कोल्हापूरकडे जाताना डावीकडे" किंवा "पुण्याकडे येताना डावीकडे" असं लिहिते. त्यामुळे जाताना आणि येतानाचे थांबे वेगळे झाले आहेत.

परतीचा प्रवास

सावंतवाडी ते निपाणी ४६ टक्के अधिक घाटाचे आठ, एकूण ५४. त्यात राखीव वीस मिळवले की ७४. म्हणून सावंतवाडी सोडताना किमान ८० टक्के हवेत. घाटाच्या पायथ्याशी ८० नसतील तर वर चढायचंच नाही, हा आता घरातला ठरलेला नियम आहे. वरती गडहिंग्लजला भरू, असं म्हणून निघणं बंद.

हे ८० मिळवायचे कसे? माहेरी पोचल्या पोचल्या गाडी प्लगला लावते, निघायच्या आदल्या रात्रीसाठी ठेवत नाही. दोन रात्री मिळाल्या की एका रात्री लाइट गेली तरी भागतं. जुन्या घरांमध्ये आणखी एक अडचण असते, ती अर्थिंगची. प्लगला लावल्यावर गाडीबरोबर आलेल्या चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागून तो बंद होत असेल, तर बहुतेक वेळा अर्थिंगच नसतं किंवा सुटलेलं असतं. आमच्याकडे तसंच निघालं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अंगणात नवीन अर्थिंग आणि मीटरपासून थेट जाड वायर टाकून घेतली. अर्थिंगची तपासणी चुकवणारे जुगाड काही लोक सुचवतात, ते करू नका. पावसात ओल्या अंगणात उभ्या गाडीला मुलं हात लावतात.

चार्जरपाशी पोचलात आणि सुरू होत नाही

आधी गन तुमच्या गाडीची आहे ना, ते बघा. काही जुन्या ठिकाणी पंधरा किलोवॅटचे भारत डीसी-००१ प्रकारचे चार्जर आहेत. ॲपमध्ये ते डीसी म्हणून दिसतात, पण त्यांची गन जीबी/टी प्रकारची असते आणि आजच्या सीसीएस-२ गाड्यांना लागत नाही. ॲपमध्ये गनचा प्रकार निवडायची सोय असते, ती एकदा लावून ठेवली की हा धक्का बसत नाही.

स्क्रीनच काळी असेल तर लाइट नाही किंवा मागचा स्विच पडलेला आहे. हॉटेलच्या माणसाला बघायला सांगा, स्वतः पॅनेल उघडू नका. स्क्रीन चालू पण `Faulted` दिसत असेल तर लाल गोल बटण दाबलेलं राहिलंय का बघा. कोणी मुलाने गंमत म्हणून दाबलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर येतं.

सर्वांत जास्त वेळा होतं ते असं: गन लावली, ॲपमध्ये `Preparing` आलं, अर्धा-एक मिनिट गेलं आणि सगळं थांबलं. निपाणीला त्या दिवशी १४ टक्क्यांवर माझं हेच झालं. वीज सोडण्याआधी गाडी आणि चार्जर गनच्या एका बारीक पिनेवरून एकमेकांशी बोलतात: बॅटरी किती व्होल्टची, किती अँपिअर घेणार, कुठे गळती आहे का. जाड केबलच्या वजनाने गन खाली झुकली की ही पिन नीट टेकत नाही आणि बोलणं अर्धवट तुटतं. शेजारी गाडी चार्ज करत असलेल्या एका काकांनी मला दाखवलं. त्यांनी गन काढली, दहा सेकंद थांबले, परत सरळ आत रेटली आणि डाव्या हाताने केबल खालून उचलून धरली. "आता सुरू कर, आणि टक् असा आवाज येईपर्यंत सोडू नकोस," ते म्हणाले. टक् आवाज झाला, म्हणजे गन गाडीत लॉक झाली, आणि आकडे पळायला लागले. तेव्हापासून मी पहिल्या प्रयत्नापासूनच केबल उचलून धरते.

तरीही नाही झालं तर गाडी लॉक करून दोन-तीन मिनिटं तशीच सोडा, म्हणजे आतली यंत्रणा झोपते, आणि मग नव्याने सुरू करा. मग दुसरी गन. पावसात गनच्या तोंडात पाणी असेल तर गळती धरली जाऊन चार्जर थांबतो. गन उलटी करून पाणी झटकून टाका, आत फडकं किंवा बोट घालू नका. शेवटी चार्जरवरच्या हेल्पलाइनला फोन करून त्यावरचा क्रमांक सांगा आणि "रिमोटने रीसेट करा" म्हणा. चार्जर बंद होऊन परत सुरू व्हायला पाचेक मिनिटं लागतात आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

या सगळ्याला मी वीस मिनिटं देते. वीस मिनिटांत नाही झालं तर पुढच्या चार्जरकडे निघते, आणि निघता येतं, कारण टक्के त्यासाठीच राखलेले असतात. पूर्वी मी एका हट्टी चार्जरपाशी तास-दीड तास घालवायचे, कारण पुढे जायला बॅटरीच नसायची.

चार्जिंग सुरू झालं पण संथ आहे, अशी तक्रारही बऱ्याच जणांची असते. पाटीवर साठ किलोवॅट असतं आणि मिळतात अठ्ठावीस-तीस. दोन गनच्या चार्जरला दोन गाड्या लागल्या की तो वाटणी करतो, त्यात बिघाड नाही. शेजारची गाडी नव्वदच्या पुढे असेल तर त्या माणसाशी बोलून बघा. बहुतेक लोक समजून घेतात आणि काढतात. मीही कोणी वाट बघत असेल तर ऐंशीला काढते.

आणि अगदी काहीच उरलं नाही तर हॉटेलातला किंवा पेट्रोल पंपावरचा पंधरा अँपिअरचा प्लग आहेच. त्याने तासाला सात-साडेसात टक्के मिळतात, म्हणजे अठरा-वीस किलोमीटर. दहा टक्के कमी पडत असतील तर दीड तास चहा पिऊन वेळ काढता येतो. गाडीबरोबर आलेला घरचा चार्जर म्हणूनच कधी घरी ठेवून जाऊ नका. प्लग वापरायच्या आधी मालकाला विचारा आणि युनिटचे पैसे द्या.

पैशांवरून आठवलं: प्रत्येक कंपनीच्या ॲपच्या वॉलेटमध्ये चारपाचशे रुपये घरूनच भरून ठेवा. आजरा–आंबोलीच्या बाजूला नेटवर्क जातं, ओटीपी येत नाही आणि चालू चार्जरसमोर नुसतं उभं राहायची वेळ येते.

चार्जिंग झालं की निघण्याआधी मी नोंद लिहिते. ज्या नोंदी बघून मी थांबा निवडते, त्या कोणीतरी अशाच दोन मिनिटं काढून लिहिलेल्या असतात. माझी शेवटची नोंद निपाणीची आहे: "पुण्याकडे येताना डावीकडे. सीसीएस-२, गन दोन. ३१ ते ८०, दोन गाड्या असताना २८ किलोवॅट मिळाले. गन एक सुरू होताना केबल उचलून धरावी लागते. हॉटेल जनरेटरवर गेलं की चार्जर बंद होतो, येण्याआधी फोन करून लाइट विचारा. स्वच्छतागृह बरं आहे."